आठव्या वर्षाचा मालक कोण?

वाचकाचं पत्र

मी 38 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. गाव तासगाव तालुक्यात. घरी द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. रस्त्याकडेच्या आमच्या एक एकरावर बेदाण्याचं चार चेंबरचं कोल्ड स्टोरेज बांधायचं वडिलांच्या (वय 64) मनात आहे. बांधकाम आणि मशिनरी मिळून खर्च 2 कोटी 40 लाख. जमीन घरचीच, म्हणून सल्लागाराच्या रिपोर्टमध्ये ती शून्य धरली आहे. आज विकली तर 40 लाख येतील. देखरेख वडीलच करणार, म्हणून मॅनेजरचा पगारही नाही. पहिल्या सात वर्षांत हातात उरणारी रोकड लाखांत अशी: 10, 28, 40, 44, 46, 14, 50. सहाव्या वर्षी कॉम्प्रेसरच्या मोठ्या कामाचे 34 लाख धरलेत, म्हणून तो आकडा खाली आहे. यात कर वजा आहे, बँकेचं व्याज वजा नाही. सात वर्षांनंतर दरवर्षी 5 टक्के वाढ धरून टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे त्यापुढच्या सगळ्या रोकडीची मिळून किंमत, साडेसात कोटी. पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा डिस्काउंट रेट 12 टक्के. हे सगळं आजच्या पैशात आणून खर्च वजा केल्यावर उरतो तो एनपीव्ही. सल्लागाराचा एनपीव्ही 2 कोटी 43 लाख येतो, मी एक्सेलमध्ये काढला तर 2 कोटी 17 लाख. वडील म्हणतात, सात वर्षांत पैसे जवळजवळ परत येतात, ते बघ. कोणाचा आकडा खरा? आणि आकडा इतका चांगला असूनही माझ्या मनात धाकधूक का आहे?

उत्तर

आधी एक्सेलचं मिटवू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. एक्सेलचं NPV फंक्शन तुम्ही दिलेल्या रांगेतली पहिली रक्कम एक वर्षानंतरची समजतं. तुम्ही आजचे 2 कोटी 40 लाखही त्याच रांगेत टाकले असणार, त्यामुळे सगळा हिशोबच एक वर्ष पुढे ढकलला गेला. 2 कोटी 43 लाखांना 1.12 ने भागून बघा, तुमचे 2 कोटी 17 लाख येतात. आजची रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवायची. B2 मध्ये उणे 240, B3 ते B9 मध्ये सात वर्षांची रोकड आणि सातव्या वर्षाच्या 50 मध्ये टर्मिनल व्हॅल्यूचे 750 मिळवून B9 मध्ये 800, अशी मांडणी असेल तर:

```
चूक:   =NPV(12%,B2:B9)
बरोबर: =NPV(12%,B3:B9)+B2
```

म्हणजे गणित सल्लागाराचं बरोबर आहे. पण तुमची धाकधूकही बरोबर आहे आणि ती गणितामुळे नाही. मी वीसेक वर्षं बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासले. ज्या रिपोर्टमधली बेरीज चुकलेली असे तो परत पाठवणं सोपं जाई. बेरीज अचूक असलेल्या रिपोर्टपाशी जास्त वेळ बसावं लागे.

असा रिपोर्ट हातात आला की मी पहिलं काम करत असे ते म्हणजे एनपीव्हीचे दोन ढीग वेगळे करणं. एका ढिगात ज्या वर्षांचे आकडे एकेक करून लिहिलेत ती वर्षं, दुसऱ्यात टर्मिनल व्हॅल्यू. तुमचा पहिला ढीग असा बनतो. 12 टक्क्यांनी पहिल्या वर्षाच्या 10 लाखांचे आजचे 8.9 लाख होतात, दुसऱ्या वर्षाच्या 28 चे 22.3, तिसऱ्याच्या 40 चे 28.5, चौथ्याच्या 44 चे 28, पाचव्याच्या 46 चे 26.1, सहाव्याच्या 14 चे 7.1 आणि सातव्याच्या 50 चे 22.6. बेरीज 143.5 लाख. आज जाणार आहेत 240 लाख. म्हणजे सात वर्षं राबून, आजच्या पैशात मोजलं तर, प्रकल्प 96.5 लाखांनी मागे आहे.

दुसरा ढीग साडेसात कोटींचा. त्याला सात वर्षांचा डिस्काउंट लावला की आजचे 339.3 लाख राहतात. त्यातून मागचे 96.5 भरून निघतात आणि वर 243 उरतात. हाच तुमच्या सल्लागाराचा एनपीव्ही. आता त्याच्याकडे पुन्हा बघा. जे 2 कोटी 43 लाख तुम्हाला मिळणार असं रिपोर्ट म्हणतो, त्यातला एकही रुपया पहिल्या सात वर्षांतून येत नाही. सगळा फायदा त्या काळातून येतो ज्याचं रिपोर्टमध्ये एकच ओळीचं वर्णन आहे. तुमच्या मनाला हेच कुठेतरी टोचत होतं.

वडिलांच्या म्हणण्याकडेही वळू. सात आकड्यांची साधी बेरीज 232 येते, म्हणून 240 जवळजवळ परत आले असं ते म्हणतात. पण हे पैसे एकसारखे येत नाहीत, उशिराकडे झुकलेले आहेत. हेच 232 लाख दरवर्षी सारखे, म्हणजे 33 लाखांच्या आसपास आले असते, तर त्यांची आजची किंमत 151 लाख झाली असती. चढउतारासकट ती 143.5 आहे. पावणेआठ लाखांचा हा फरक फक्त पैसे कधी आले यामुळे पडला. म्हणून असमान रोकड असलेल्या प्रकल्पात सरासरी काढून काम भागवू नये, प्रत्येक वर्षाला त्याच्या जागी ठेवूनच मोजावं.

आणि बेदाण्याच्या धंद्यात 'कधी' हा प्रश्न फार कडक आहे, हे शेड असलेल्या घराला मी काय सांगावं. माल फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तयार होतो आणि तेव्हाच शीतगृहात जातो, हिरवा रंग टिकायचा तर त्याला थंडी वेळेवरच मिळावी लागते. तुमचं बांधकाम जानेवारीऐवजी मेमध्ये संपलं तर उशीर चार महिन्यांचा दिसतो, पण प्रत्यक्षात अख्खा हंगाम हुकतो. पहिला ढीग एक वर्षाने सरकला की 143.5 चा 128 होतो, म्हणजे 15 लाख गेले. त्याच वर्षात विजेचं किमान बिल, वॉचमन आणि बँकेचं व्याज चालू राहतं ते वेगळं. ट्रान्सफॉर्मरची मंजुरी आणि वीजजोडणी कधी मिळेल याचं लेखी वेळापत्रक हातात आल्याशिवाय पहिल्या वर्षाचे 10 लाख पक्के धरू नका.

आता त्या एका ओळीकडे. साडेसात कोटी कसे आले? सातव्या वर्षाचे 50 लाख घेतले, 5 टक्के वाढवून आठव्या वर्षाचे 52.5 लाख केले आणि त्याला 12 उणे 5, म्हणजे 7 टक्क्यांनी भागलं. सूत्र बरोबर वापरलंय. आठव्या वर्षाची रक्कम वर घेतली की येणारी किंमत सातव्या वर्षाअखेरची असते, म्हणून डिस्काउंटही सातच वर्षांचा लावायचा. आठ वर्षांचा लावणारे अनेक रिपोर्ट मी पाहिलेत, तुमच्या सल्लागाराने ती चूक केलेली नाही. प्रश्न सूत्रात काय घातलंय याचा आहे.

ते 50 लाख बघा. सूत्राला समजतं एवढंच की हे पैसे यापुढे कायम येत राहणार. पण सातवं वर्ष तुमच्या यादीतलं सगळ्यात चांगलं वर्ष आहे, आणि ते कॉम्प्रेसरचं मोठं काम नुकतंच झाल्यावरचं वर्ष आहे. सहाव्या वर्षी 34 लाख लागले, तर बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा लागतील. टर्मिनल व्हॅल्यूमध्ये मात्र तो कॉम्प्रेसर पुन्हा कधीच खोलावा लागत नाही. असमान रोकड असताना हे हमखास घडतं. यादी ज्या वर्षी थांबवली त्या वर्षाचं नशीब पुढच्या सगळ्या वर्षांना चिकटतं. समजा सल्लागाराने यादी सहाव्या वर्षीच थांबवली असती, तर 14 लाखांवर टर्मिनल व्हॅल्यू काढून त्याने तुम्हाला प्रकल्प सोडून द्यायला सांगितलं असतं. शीतगृह तेच, गाव तेच.

म्हणून शेवटच्या वर्षाची रक्कम न घेता एक 'नेहमीचं वर्ष' बनवावं लागतं. ते कागदावर बसून, वडिलांना शेजारी घेऊन बनवा. मी माझ्या अंदाजाने करून दाखवतो, आकडे तुम्ही बदला. सगळ्या चेंबर भरल्या तर 50, पण प्रत्येक वर्षी त्या भरत नाहीत. खायच्या द्राक्षाला भाव चांगला असला की शेतकरी बाग तशीच विकून मोकळा होतो, बेदाण्याला माल कमी येतो. मार्चमध्ये अवकाळी आला तर शेडवरचाच माल खराब होतो. बरीवाईट वर्षं मिळून 46 धरू. कॉम्प्रेसरचे 34 लाख सहा वर्षांवर वाटले की वर्षाला जवळजवळ 6 होतात. पफ पॅनेल, दारं, रॅक, छत, जनरेटर यांना तेवढेच आणखी बाजूला टाकावे लागतील. 46 मधून 12 गेले, 34 राहिले.

इथे मॅनेजरचा पगार येतो. सातव्या वर्षाअखेर तुमचे वडील 71 वर्षांचे असतील. रात्री दोन वाजता तापमानाचा अलार्म वाजला तर कोण उठून जाणार? हंगामात दिवसाला ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या लागतात तेव्हा कोणाच्या किती बॉक्स कुठल्या चेंबरमध्ये गेल्या हे कोण लिहिणार? त्या माणसाला महिना 40 हजार धरले तरी वर्षाचे 5 लाख. राहिले 29.

मग वाढ. 5 टक्के कायमची वाढ म्हणजे काय हे नीट डोळ्यासमोर आणा. चेंबर चारच्या आठ होणार नाहीत, बॉक्स तेवढ्याच मावणार. म्हणजे वाढ फक्त भाड्यातून यायला हवी, आणि तीही विजेचं बिल आणि मजुरी वाढल्यावर जे उरेल त्यातून. शेजारी आणखी दोन शीतगृहं उभी राहिली की भाडं वर्षानुवर्षं हलत नाही. मी 3 टक्के धरतो, तेही उदार मनाने.

आणि जमीन. घरची आहे म्हणून ती शून्य होत नाही. आज 40 लाख देणारा गिऱ्हाईक आहे म्हणता, म्हणजे शीतगृह बांधताना तुम्ही 240 नाही, 280 लाख गुंतवताय. (उलट बाजूची चूकही सांगून ठेवतो. काहीजण धंदा कायम चालेल असं धरून टर्मिनल व्हॅल्यू काढतात आणि वर जमिनीची विक्रीही मिळवतात. जमीन विकली तर धंदा कुठे चालणार? दोन्हीपैकी एकच धरता येतं.)

आता हे सगळं जागेवर ठेवू. 29 लाख, 3 टक्क्यांनी वाढून आठव्या वर्षी 29.87. भागिले 12 उणे 3, म्हणजे 9 टक्के. टर्मिनल व्हॅल्यू 332 लाख, आजचे 150. पहिला ढीग 143.5, दोन्ही मिळून 293.6. त्यातून 280 वजा केले की एनपीव्ही 13.6 लाख. 2 कोटी 43 लाखांचे साडेतेरा लाख झाले. पहिल्या सात वर्षांच्या तुमच्या एकाही आकड्याला मी हात लावलेला नाही. वडिलांच्या सात वर्षांच्या कष्टाची किंमतही वर्षाला 5 लाख धरली तर आजचे आणखी 23 लाख जातात आणि एनपीव्ही शून्याखाली 9 लाखांवर उतरतो.

माझे आकडे तुमच्या सल्लागारापेक्षा खरे आहेत असं मी म्हणत नाही. सातव्या वर्षानंतरचं मलाही दिसत नाही. म्हणून अशा वेळी मी हिशोब उलटा फिरवतो, आणि तुम्हीही तोच करावा असं मला मनापासून वाटतं. टर्मिनल व्हॅल्यू किती येईल असं विचारायचं नाही. ती किती असायलाच हवी, हे विचारायचं. 280 मधून पहिल्या ढिगाचे 143.5 गेले, 136.5 भरून निघायला हवेत. सात वर्षांनी त्यांचे 12 टक्क्यांनी 302 लाख होतात. झालं. आता वाढीचा दर नको, कायमची रोकड नको, एकच साधा प्रश्न उरतो: सातव्या वर्षाअखेर हे शीतगृह जमिनीसकट 3 कोटी 2 लाखांचं असेल का?

हा प्रश्न तासगावात बसून विचारता येतो, हे त्याचं मोल. जमीन वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली तर 40 चे सात वर्षांनी 60 लाख होतील. मग इमारत आणि मशिनरीचे 242 लाख यायला हवेत. म्हणजे आज नवंकोरं जेवढ्यात उभं राहतंय तेवढीच किंमत सात वर्षं वापरलेल्याची यायला हवी. विकायचं ठरलं तर ती येईल का? गेल्या काही वर्षांत तुमच्या पंचक्रोशीत एखादं चालू किंवा बंद शीतगृह विकलं गेलं असेलच. ते किती जुनं होतं, बांधताना किती लागले होते आणि किती आले, हे वडिलांना दोन फोनवर कळेल. ती एक माहिती रिपोर्टच्या चाळीस पानांपेक्षा जास्त सांगून जाईल.

विकायचं नाही, चालवायचंच असेल, तर तोच प्रश्न वेगळा दिसतो. 302 लाखांची किंमत टिकायला 29 लाखांचं नेहमीचं वर्ष कायम दोन-सव्वादोन टक्क्यांनी वाढत राहायला हवं. हे मला अशक्य वाटत नाही, पण ते आपोआपही होत नाही. शेतकरी माल तुमच्याकडे आणतात ते तुमच्या वडिलांच्या शब्दावर. त्यांच्यानंतर तो शब्द कोण सांभाळणार? टर्मिनल व्हॅल्यू ही हिशोबातली रक्कम दिसते, पण तिच्या पोटात एक माणूस गृहीत धरलेला असतो. तुमच्या पत्रात 'वडिलांच्या मनात आहे' असं आहे, 'माझ्या मनात आहे' असं कुठेच नाही. तुम्ही पुणं सोडून परत जाणार असाल तर आठव्या वर्षाला मालक आहे. जाणार नसाल तर विक्रीचा आकडाच धरायला हवा आणि तो कमी असेल. हे घरात एकदा स्पष्ट बोला. एनपीव्हीचं चिन्ह अधिक की उणे, हे तुमच्याकडे त्यावर ठरतंय.

डिस्काउंट रेटवर वडिलांशी वाद होईल म्हणून एवढंच सांगतो. एफडीला 7 टक्के मिळतात तर 7 च धरा, असं कोणी म्हणेल. ते करून पाहा. रिपोर्टच्या पद्धतीने भागाकारात 7 उणे 5, म्हणजे फक्त 2 टक्के राहतात आणि टर्मिनल व्हॅल्यू सव्वासव्वीस कोटींवर जाते. एका एकरावरच्या शीतगृहाची ही किंमत आहे असं कोणीच म्हणणार नाही. 10 टक्क्यांनी मोजलं तर पहिला ढीग 154 होतो, 14 टक्क्यांनी 134. फार हलत नाही. रिपोर्टची टर्मिनल व्हॅल्यू मात्र आजच्या पैशात 10 टक्क्यांना 539 लाख आणि 14 टक्क्यांना 233 लाख. दोन टक्के इकडे तिकडे झाल्यावर जो ढीग एवढा डोलतो, त्याच्या भरवशावर जमीन तारण ठेवू नये. 12 टक्के मला तुमच्या धंद्याला वाजवी वाटतात. आणि व्याज रोकडीतून वजा केलेलं नाही हे योग्यच आहे, पैशाची किंमत डिस्काउंट रेटमध्ये आधीच धरलेली असते. दोन्हीकडे धरली तर चांगला प्रकल्पही वाईट दिसतो.

अनुदानाचं तुम्ही काही लिहिलं नाही. शीतगृहासाठी फलोत्पादनाच्या योजनांमधून कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळू शकतं. पण ते बहुतेक वेळा मागाहून येतं आणि बँकेतल्या राखीव खात्यात ठेवून कर्जात वळतं केलं जातं. म्हणून सुरुवातीच्या 240 मधून ते थेट वजा करू नका. ज्या वर्षी ते खरोखर तुमच्या उपयोगी पडेल त्या वर्षात टाका, आणि अनुदानाशिवायचा एनपीव्ही वेगळा काढून ठेवा.

मग करायचं काय? 'बांधा' आणि 'सोडा' एवढे दोनच रस्ते रिपोर्टने दाखवले म्हणून तेवढेच आहेत असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी दोन चेंबरचा आराखडा आणि दर मागितला असता. निम्म्या चेंबरला खर्च निम्मा येणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मर, रस्ता, कंपाउंड, काटा हे तेवढंच लागतं. पॅनेल आणि कॉम्प्रेसरचा खर्च मात्र बराच वाचतो. नुसत्या एनपीव्हीच्या आकड्यात हा पर्याय कदाचित थोडा मागे पडेल. पण तिसऱ्या वर्षी तुमच्या हातात तीन हंगामांचं खरं रजिस्टर असेल, किती बॉक्स आल्या, कितीजणांनी भाडं वेळेवर दिलं, कुठल्या वर्षी चेंबर रिकामी राहिली. उरलेल्या दोन चेंबर बांधायच्या की नाही ते तेव्हा ठरवता येईल. आज चारही बांधल्या तर ही मोकळीक राहत नाही. दुसरा रस्ता, जमीन लांब मुदतीच्या भाड्याने एखाद्या व्यापाऱ्याला देऊन त्यालाच बांधू देण्याचा. पैसा कमी मिळेल, पण आठव्या वर्षाचा प्रश्न त्याचा होईल. वडिलांना हे आवडणार नाही, तरी एकदा समोर ठेवा.

आणि सगळ्यात आधी एक काम, त्याला सल्लागार लागत नाही. तुमचे वडील इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शीतगृहात स्वतःचा बेदाणा ठेवत आले असणार. भाड्याच्या पावत्या कुठेतरी असतील, कपाटात नाहीतर बाजार समितीच्या हिशोबपट्ट्यांच्या गठ्ठ्यात. सात वर्षांपूर्वीची एक काढा आणि या वर्षीची एक. पंधरा किलोच्या बॉक्सला तेव्हा काय भाडं होतं आणि आता काय आहे, ते शेजारी शेजारी लिहा. तेव्हाच्या 100 रुपयांचे आज 141 झाले असतील तर भाडं वर्षाला 5 टक्क्यांनी वाढलं. 123 झाले असतील तर 3 टक्क्यांनी. 110 च्या आसपास असतील तर दीड टक्काही नाही. जो आकडा निघेल तो रिपोर्टमधल्या 5 च्या जागी घाला, 50 च्या जागी तुमचं नेहमीचं वर्ष घाला आणि पहिल्या ओळीत जमिनीचे 40 लाख मिळवा. मग शीट वडिलांसमोर उघडा, आणि त्या पावत्याही सोबत ठेवा, कारण त्यांच्याच हाताने भरलेल्या पैशाच्या त्या आहेत.